चार खिडक्या, चार रंग

तुमच्या स्लॅकमध्ये आत्ता किती वर्कस्पेस आहेत, ते एकदा मोजून बघा. माझ्याकडे चार आहेत. पहिली इथल्या, म्हणजे नेदरलँड्समधल्या, माझ्या प्रयोगशाळेची. दुसरी एका संयुक्त प्रकल्पाची, ज्यात काही विद्यापीठं आहेत आणि एक खाजगी कंपनीही आहे. तिसरी माझ्या पीएचडीच्या जुन्या गटाची. तिथून माझं नाव कुणी काढलं नाही आणि मीही निघालो नाही. चौथी आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सव समितीची. मंडळाचं काम व्हॉट्सॲपवर अगदी सुखात चाललं होतं, पण समितीत आयटीवाले बहुमतात आले आणि प्रसादाच्या यादीलाही स्वतंत्र चॅनेल मिळालं.

या चारही वर्कस्पेस मला पहिल्यांदा दिसल्या त्या एकाच रूपात: डावीकडे तीच गडद वांगी रंगाची पट्टी, तिच्यावर पांढरी अक्षरं. बहुतेक वर्कस्पेसमध्ये `#general` आणि `#random` ही चॅनेलंही तीच, कारण स्लॅक वर्षानुवर्षं ती आपसूकच तयार करून देत असे. लिहायची चौकट सगळीकडे पांढरी आणि तिच्यात फिकट अक्षरांत फक्त चॅनेलचं नाव. म्हणजे तुमची नजर जिथे असते, त्या चौकटीत तुम्ही कोणत्या घरात बसला आहात हे कुठेच लिहिलेलं नसतं.

गोंधळ नेमका कसा होतो तेही पाहण्यासारखं आहे. लोक समजतात की माणूस चुकीच्या जागी जातो. माझ्या मते तो योग्य जागी जातो आणि परत यायचं विसरतो. तुम्ही प्रयोगशाळेच्या वर्कस्पेसमध्ये काहीतरी वाचत असता. कोपऱ्यात सूचना येते, तुम्ही तिच्यावर क्लिक करता आणि स्लॅक तुम्हाला दुसऱ्या वर्कस्पेसमध्ये नेऊन सोडतो. तिथे दोन शब्दांचं उत्तर देता. फोन वाजतो, कुणी दारावर टकटक करतं, चहा होतो. परत येऊन मघाचं वाक्य पुरं करायला घेता आणि आपण अजून दुसऱ्यांच्या ओसरीवर आहोत हे ध्यानात येत नाही, कारण ओसरी हुबेहूब आपल्यासारखी आहे.

आमच्याच मजल्यावरच्या एका संशोधक मैत्रिणीचं असं झालं. प्रकल्पातल्या एका भागीदाराकडून आलेल्या नमुन्यांत तिला भेसळीची शंका आली होती. तिची चाचणी अजून एकदाच झाली होती, दुसरी व्हायची होती. आपल्या गटाला तिने लिहिलं की हे नमुने खराब वाटतात, खात्री होईपर्यंत बाहेर बोलू नका. ते गेलं संयुक्त प्रकल्पाच्या `#general` मध्ये. तिने मिनिटाभरात पुसलंही. पण पुसल्याने संदेश जातो, तोवर लोकांच्या फोनवर झळकलेली सूचना त्यांच्या डोक्यातून पुसली जात नाही. पुढे दुसऱ्या चाचणीत नमुने चांगले निघाले. तेव्हा तर तिला आणखीच अवघड झालं.

माझी भीती वेगळी आहे, आणि तुमच्यापैकी जे तात्पुरत्या करारावर आहेत त्यांना ती समजेल. माझा करार संपायला अकरा महिने उरले आहेत. पुढच्या नोकरीसाठी कुठे अर्ज करायचा, शिफारसपत्रात काय यावं, हे सगळं मी जुन्या मार्गदर्शक बाईंशी जुन्या गटाच्या वर्कस्पेसमध्ये बोलतो. इथल्या प्रमुखांना मी हे सांगणार आहे, पण माझ्या वेळेला आणि माझ्या शब्दांत. ‘तिकडे मुलाखत झाली, बरी गेली’ हे एक वाक्य प्रयोगशाळेच्या चॅनेलवर पडलं, तर तो निर्णय माझ्या हातात राहणार नाही.

उपाय सगळ्यांना माहीत असतो: प्रत्येक वर्कस्पेसच्या पट्टीला वेगळा रंग द्यायचा. स्लॅकमध्ये थीम ही प्रत्येक सदस्याने प्रत्येक वर्कस्पेसपुरती निवडायची गोष्ट आहे. तुम्ही प्रकल्पाची पट्टी विटकरी केलीत तर ती फक्त तुम्हाला विटकरी दिसते, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. वर्कस्पेसचं छोटं चिन्ह मात्र तिचे चालक ठरवतात, ते सगळ्यांना सारखंच दिसतं. म्हणून थीम निवडताना कुणाची परवानगी लागत नाही की कुणाच्या सौंदर्यदृष्टीची काळजी करावी लागत नाही.

मग मी आधीच का नाही केलं? केलं होतं. तयार थीममधून चार निवडल्या होत्या. एके संध्याकाळी बायको मागे उभी राहून बघत होती. मी तिला म्हटलं, “यातल्या या दोन सारख्याच आहेत ना?” ती म्हणाली, “अरे, हा जांभळा आहे आणि तो निळा. शेजारी शेजारी ठेव, दिसेल.” शेजारी शेजारी ठेवले. मला दिसले दोन गडद निळे.

हे मला नवं नव्हतं. माझे मामा जहाजावर होते आणि बारावीनंतर मलाही मर्चंट नेव्हीत जायचं होतं. वैद्यकीय तपासणीत ठिपक्याठिपक्यांची पुस्तिका पुढे आली. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी 1917 साली छापलेली तीच ती चाचणी, जिच्यात ठिपक्यांतून आकडा वाचायचा असतो. पहिला आकडा वाचला. पुढच्या पानांवर मला नुसते ठिपके दिसले. लाल-हिरव्यातला फरक माझ्या डोळ्यांना कमी कळतो. जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा आणि उजव्या बाजूला हिरवा; अंधारात समोरचं जहाज कोणत्या दिशेला चाललं आहे ते या दोन रंगांवरून ओळखायचं. तेव्हा मला नाकारणं बरोबरच होतं. मामांना वाईट वाटलं, मला जास्त वाटलं, आणि मी जीवशास्त्राकडे वळलो.

हा दोष आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावरून मुलग्यात उतरतो, म्हणून पुरुषांत तो कितीतरी जास्त सापडतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारातल्या एकाला तो असतो. हे वाचणाऱ्यांपैकीही काहीजणांना तो असेल आणि कदाचित माहीत नसेल, कारण झेंडूचा केशरी आणि पानाचा हिरवा यांत माणूस सहसा अडत नाही. अडतो ते गडद रंगांत. गडद जांभळ्यातला लाल वजा झाला की निळा उरतो. गडद हिरवा आणि तपकिरी भाऊ भाऊ होतात. आणि स्लॅकच्या पट्टीसाठी लोक निवडतात ते रंग नेमके गडदच असतात, कारण पांढरी अक्षरं त्यांवर छान उठतात.

पण ज्यांचे डोळे ठणठणीत आहेत त्यांनी इथे वाचणं थांबवू नये. पट्टीकडे आपण कधीच टक लावून बघत नाही. ती दिसते डोळ्याच्या कोपऱ्यातून. आणि नजरेच्या कडेला रंग ओळखण्याची शक्ती सगळ्यांचीच मंद असते. तिथे पटकन कळतो तो उजेड-अंधाराचा फरक. जांभळा, गर्द निळा, गडद हिरवा आणि काळपट तपकिरी अशा चार सुंदर थीम ज्याने निवडल्या आहेत, त्याने खरं तर चार वेळा ‘गडद’ हीच थीम निवडली आहे.

ही गोष्ट नुसत्या मतावर सोडायची गरज नाही, ती मोजता येते. रंगाचा सहा अक्षरी कोड असतो, उदाहरणार्थ `#3F0E40`. पहिली दोन अक्षरं लाल किती ते सांगतात, मधली दोन हिरवा आणि शेवटची दोन निळा. यावरून रंगाचा उजळपणा काढायची ठरलेली रीत आहे आणि वेबवरच्या सुलभतेच्या नियमांत तीच वापरतात. तिन्ही रंगांची तीव्रता एका वक्राने सुधारून घ्यायची आणि मग वजनं लावून बेरीज करायची: हिरव्याला 0.7152, लालला 0.2126 आणि निळ्याला फक्त 0.0722. डोळ्याला उजेडाची जाणीव मुख्यतः हिरव्यातून होते, निळ्यातून फारच थोडी, हे या वजनांत दिसतं. उत्तर 0 म्हणजे काळा, 1 म्हणजे पांढरा. दोन रंगांतला कॉन्ट्रास्ट काढताना दोन्ही आकड्यांत 0.05 मिळवायचे आणि मोठ्याला लहानाने भागायचं. वाचायच्या मजकुरासाठी हे उत्तर निदान 4.5 असावं असा संकेत आहे. हे गणित करून देणारी साधनं इंटरनेटवर फुकट आहेत. हाताने करायची हौस मला होती, तुम्हाला नसली तरी चालेल.

आता माझा जुना वांगी, `#3F0E40`, आणि ज्याच्याशी त्याची गल्लत होत होती त्या जातीचा गर्द निळा, समजा `#1A2A5E`, हे दोन घ्या. वांग्याचा उजळपणा येतो सुमारे 0.017 आणि निळ्याचा 0.027. दोघांतला कॉन्ट्रास्ट 1.1. अगदी एक आला असता तर उजळपणाच्या हिशेबात दोन्ही रंग एकच ठरले असते. गडद हिरवा `#1B4D3E` घेतला तर त्याचा वांग्याशी कॉन्ट्रास्ट 1.6. थोडा बरा, पण डोळ्याच्या कोपऱ्याला पुरेसा नाही. बायकोचं म्हणणं खरं होतं, रंग वेगळे होते. माझंही खरं होतं, उजेड सारखाच होता.

म्हणून मी उलटीकडून सुरुवात केली. आधी रंगांचा विचारच केला नाही. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत चार पायऱ्या आखल्या आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून दुपटीने तरी उजळ असावी असं ठरवलं. मग प्रत्येक पायरीवर जो रंग बसेल तो बसवला. असे चार निघाले: गर्द निळा `#0B2545`, उजळपणा 0.018, विटकरी `#B23A1E`, 0.126; हळदी `#D9A21B`, 0.41; आणि न रंगवलेल्या खादीसारखा मळकट पांढरा `#F3EDE0`, 0.85. निळ्यापासून विटकरीचा कॉन्ट्रास्ट सुमारे 2.6, विटकरीपासून हळदीचाही 2.6, हळदीपासून मळकट पांढऱ्याचा 2. चारहून जास्त पायऱ्या काढता येतात, पण मग त्या इतक्या जवळ येतात की पुन्हा तोच खेळ सुरू होतो.

यात एक गंमत सापडली. उजळपणा 0.18 च्या आसपास एक उंबरठा आहे. त्याच्या खालच्या रंगांवर पांढरी अक्षरं वाचता येतात, वरच्यांवर काळी. विटकरी अगदी उंबरठ्याच्या अलीकडे आहे: पांढऱ्या अक्षरांशी त्याचा कॉन्ट्रास्ट 6 येतो. हळदीवर पांढरी अक्षरं लिहिली तर फक्त 2.3, म्हणजे वाचणारा डोळे चोळणार. काळ्याशी मात्र 9. त्यामुळे चार थीमपैकी दोन पांढऱ्या अक्षरांच्या आणि दोन काळ्या अक्षरांच्या झाल्या, आणि ओळखायला आणखी एक खूण आपोआप मिळाली.

कुठला रंग कुणाला द्यायचा, यात लोक सहसा आवडीने निवडतात: रोजचं घर सुंदर आणि बाकीची कशीही. मी धोक्याप्रमाणे वाटले. प्रयोगशाळेत मी दिवसभर असतो, म्हणून तिला शांत निळा. तिचा रंग महिन्याभरात दिसेनासाच होणार, आणि तसा झालाही. सगळ्यात भडक विटकरी दिला संयुक्त प्रकल्पाला, कारण तिथे कंपनीचे लोक वाचत असतात आणि अप्रकाशित आकडे करारात बांधलेले आहेत. भडक रंग डोळ्याला खुपतो हा त्याचा गुणच आहे. काम संपलं की तिथून निघावंसं वाटतं, आणि निघणंच तर हवं आहे. हळदी गेला जुन्या गटाला, जिथे माझ्या नोकरीच्या गोष्टी चालतात. प्रयोगशाळेचा निळा आणि हा हळदी यांच्यात उजळपणाच्या दोन पायऱ्यांचं अंतर आहे, आणि शिवाय निळा-पिवळा हा फरक माझ्यासारख्या डोळ्यांनाही शाबूत असतो. ज्या दोन घरांत गल्लत झाली तर मला सगळ्यात महागात पडेल, ती दोन सगळ्यात लांब ठेवली. मंडळाला मळकट पांढरा. तिथे चुकून प्रयोगशाळेचं काही गेलंच, तर फार तर कुणीतरी विचारेल की गाळाचे नमुने आणि मोदकांचा काय संबंध.

आता प्रत्यक्ष बसवणं. स्लॅकच्या सध्याच्या रचनेत स्वतःची थीम चार रंगांची असते: एक मुख्य पट्टीचा, दुसरा निवडलेल्या ओळीचा, तिसरा कोण हजर आहे ते सांगणाऱ्या ठिपक्याचा आणि चौथा सूचनेच्या आकड्यामागचा. जुन्या लेखांत आठ किंवा दहा कोडांच्या माळा सापडतात. त्या आधीच्या रचनेच्या आहेत. `Ctrl` आणि स्वल्पविराम दाबला (मॅकवर `⌘` आणि स्वल्पविराम) की Preferences उघडतं. त्यात Appearance मध्ये स्वतःची थीम बनवण्याची जागा आहे आणि तिथे कोडांची माळ एकदम चिकटवताही येते. माझ्या माळा वरच्याच क्रमाने अशा आहेत:

```
#0B2545,#2F80C2,#FFFFFF,#F2C14E
#B23A1E,#5A1A0C,#FFFFFF,#F2C14E
#D9A21B,#1B2A41,#1B2A41,#7A1F10
#F3EDE0,#2B4C7E,#2B4C7E,#B23A1E
```

ज्या वर्कस्पेसचा रंग बदलायचा आहे ती समोर उघडी असताना हे करायचं, नाहीतर भलत्याच घराला रंग लागतो. आणि एक सोपी वाट: माळ त्या वर्कस्पेसमध्ये स्वतःलाच संदेश म्हणून पाठवली, तर संदेशाखाली थीम बदलण्याचं बटण येतं.

पहिल्या रंगावर एवढं बोललो, पण खरे खड्डे बाकीच्या तिघांत असतात. सूचनेच्या आकड्यामागचा रंग नेहमीच्या सवयीने लाल ठेवला जातो. विटकरी पट्टीवर तो लाल विरघळून जातो आणि तुम्हाला कुणी हाक मारली आहे हे कळतच नाही. म्हणून तिथे पिवळा. हजेरीचा ठिपका हिरवा असतो. हळदीवरचा हिरवा ठिपका मला तर दिसत नाहीच, आणि ज्यांना दिसतो त्यांनाही शोधावा लागेल. सुदैवाने तिथे रंगावाचूनही काम भागतं: माणूस हजर असेल तर ठिपका भरलेला, नसेल तर पोकळ. न वाचलेल्या चॅनेलचं नाव ठळक होतं, आणि सूचनेत आकडाही असतो. जहाजाच्या दिव्यांना अशी दुसरी खूण लांबून दिसत नाही, म्हणून तिथे डोळे तपासतात. इथे आकाराने आधीच सांगितलं आहे, तेव्हा ठिपक्याला हिरवाच ठेवण्याचा हट्ट कशाला? मी दोन ठिकाणी पांढरा आणि दोन ठिकाणी गडद निळा ठेवला.

आणखी एक धोका उजळ आणि गडद अवस्थेचा आहे. संध्याकाळी संगणकाबरोबर स्लॅकही गडद अवस्थेत जाईल अशी तुमची व्यवस्था असेल, तर तुम्ही दिलेला रंग जसाच्या तसा राहील असं धरू नका. माझ्या पडद्यावर तरी गडद अवस्थेत उजळ थीम बऱ्याच खाली उतरतात, आणि हळदी आणि मळकट पांढरा यांतलं अंतर कमी होतं. माझ्यापुरता तोडगा सोपा होता: स्लॅकला दिवसरात्र उजळ अवस्थेतच ठेवलं. ज्यांना रात्री ते डोळ्यांवर येतं त्यांनी गडद अवस्थेत चारही पुन्हा पाहून घ्यावेत, कारण उशिरा रात्री थकलेला माणूसच परत यायचं जास्त विसरतो.

पाहून घ्यायचं कसं, तर बायकोला न विचारता. संगणकाचा सगळा रंग काढून टाकायचा. विंडोजमध्ये Settings मधल्या Accessibility मध्ये Color filters आहेत, त्यात Grayscale निवडायचं. मॅकवर Accessibility मध्ये Display खाली हीच सोय आहे. पडदा जुन्या कृष्णधवल दूरदर्शनसारखा झाला की `Ctrl` बरोबर 1, 2, 3, 4 दाबत चारही वर्कस्पेसमधून फिरायचं, मॅकवर `⌘` बरोबर. नजर लिहायच्या चौकटीवरच ठेवायची, पट्टीकडे वळवायची नाही. प्रत्येक वेळी पट्टी बदलल्याचं नुसतं जाणवलं पाहिजे. दोन थीममध्ये ते जाणवलं नाही, तर त्या दोन एकच आहेत, त्यांची नावं काहीही असोत. बायकोवरही हा प्रयोग केला. तयार थीमच्या वेळी तिने तिसऱ्या आकड्यापाशीच हात टेकले. नव्या चारांत पडद्याकडे नीट न बघता तिने चारही बरोबर सांगितल्या, आणि मग विचारलं की मंडळाची थीम इतकी रंग उडालेली का.

एवढं करूनही पट्टी जिथे कामाला येत नाही अशा जागा आहेत, त्या सांगितल्या पाहिजेत. कोपऱ्यात येणाऱ्या सूचनेला तुमचा रंग नसतो. तिथे वर्कस्पेसचं नाव वाचावंच लागतं. फोनवर लिहिताना कीबोर्ड आणि संदेश बहुतेक पडदा व्यापतात आणि रंगाची खूण जवळपास उरत नाही. म्हणून प्रकल्पाची लांब उत्तरं मी फोनवरून देत नाही.

सगळ्यात फसवी जागा मात्र वेगळीच. स्लॅकमध्ये दोन संस्थांना एक चॅनेल वाटून घेता येतं, त्याला स्लॅक कनेक्ट म्हणतात. असं चॅनेल दिसतं ते तुमच्याच वर्कस्पेसमध्ये, तुमच्याच चॅनेलांच्या रांगेत, तुमच्याच रंगाच्या पट्टीत. म्हणजे पट्टी म्हणते ‘घरात आहात’ आणि आत पाहुणे बसलेले असतात. नावाजवळ बाहेरच्यांची एक लहानशी खूण असते, पण ती पाहायला नजर मुद्दाम वळवावी लागते. तुम्ही जितक्या चांगल्या थीम निवडाल तितका पट्टीवर विश्वास बसेल, आणि तितकं हे चॅनेल जास्त धोक्याचं होईल. इथे रंगाचा इलाज नाही. मी अशा चॅनेलांचा साइडबारमध्ये वेगळा विभाग केला, त्याला ‘बाहेरचे’ असं मराठीतच नाव दिलं आणि तो सगळ्यात खाली ठेवला. देवनागरी अक्षरं त्या इंग्रजी रांगेत चटकन डोळ्यात भरतात.

आता पुढच्या महिन्यात पाचवी वर्कस्पेस येते आहे, एका परिषदेच्या आयोजनाची. पाचवी पायरी काढायला जागा नाही. म्हणून हळदीच्याच पायरीवर आकाशी `#5BB0E8` बसवून पाहिला. त्याचा उजळपणा 0.39, म्हणजे कृष्णधवल पडद्यावर तो आणि हळदी एकच. पण रंग चालू केले की निळा-पिवळा फरक मलाही स्पष्ट दिसतो. हळदी घरात माझ्या नोकरीच्या गोष्टी आहेत आणि परिषदेच्या समितीत माझे सध्याचे प्रमुखही आहेत. त्यामुळे आकाशी जाईल मंडळाला, मळकट पांढरा परिषदेला, आणि गणपती होईपर्यंत मोदकांच्या यादीवर मी जरा जास्त लक्ष ठेवीन.